ई-रुपया आणि बँकांच्या ठेवी

बचत खात्यात 10,000 रुपये शिल्लक दिसतात तेव्हा ते बँकेच्या तिजोरीत बाजूला काढून ठेवलेले नसतात. ती बँकेने खातेदाराला देणे असलेल्या रकमेची नोंद असते. खिशातली 500 रुपयांची नोट म्हणजे रिझर्व्ह बँकेचे देणे, तर खात्यातली शिल्लक म्हणजे त्या विशिष्ट बँकेचे देणे. रोजच्या व्यवहारात दोन्हींना पैसाच म्हटले जाते, कारण एकाचे दुसऱ्यात रूपांतर सहज होते.

केंद्रीय बँकेचे डिजिटल चलन, म्हणजे भारतात ई-रुपया, हा पहिल्या प्रकारचा पैसा आहे. 2022 च्या वित्त कायद्याने 1934 च्या रिझर्व्ह बँक कायद्यातील नोटेच्या व्याख्येत डिजिटल स्वरूपाचा समावेश झाला. किरकोळ वापराच्या ई-रुपयाचा प्रयोग 1 डिसेंबर 2022 रोजी मुंबई, नवी दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर या शहरांतून सुरू झाला. ई-रुपया रिझर्व्ह बँक काढते आणि बँका तो आपल्या ग्राहकांच्या मोबाइलमधील वॉलेटपर्यंत पोहोचवतात. नोटांप्रमाणेच त्यावर व्याज मिळत नाही.

यूपीआयशी त्याची गल्लत होते, कारण दुकानातला तोच क्यूआर कोड दोन्हींना चालतो. यूपीआयने पैसे दिले की एका बँकेतली ठेव घटते आणि दुसऱ्या बँकेतली वाढते. पैसा बँकांच्याच वर्तुळात राहतो. ई-रुपया मात्र वॉलेटमध्ये घेताच तेवढी ठेव बँकेतून बाहेर पडते. त्याचा बँकांवरील परिणाम याच फरकातून सुरू होतो.

नोटेची जागा की ठेवीची?

ई-रुपया घेताना लोक कशाच्या बदल्यात तो घेतात, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. घरातल्या नोटांच्या जागी तो आला, तर रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदात कागदी नोटांचे देणे कमी होऊन डिजिटल नोटांचे तेवढेच वाढते. बँकांच्या ठेवींना धक्काही लागत नाही. उलट नोटा छापणे, वाहणे, मोजणे आणि फाटलेल्या नोटा बदलून देणे यांचा खर्च वाचतो. बचत खात्यातली शिल्लक हलवून तो घेतला, तर मात्र बँकेला ती रक्कम रिझर्व्ह बँकेतील आपल्या खात्यातून द्यावी लागते. हिशेबाच्या दृष्टीने हे एटीएममधून रोकड काढण्यासारखेच आहे. फरक इतकाच की रोकड बाळगण्याला जोखमीची आणि गैरसोयीची मर्यादा असते, वॉलेटमधल्या आकड्याला तशी नसते.

एका बँकेचा ताळेबंद

हिशेबासाठी एक काल्पनिक बँक घेऊ. तिच्याकडे 1,000 कोटींच्या ठेवी आणि 80 कोटींचे भांडवल आहे. या 1,080 कोटींपैकी 780 कोटी कर्जांत आणि 250 कोटी सरकारी रोख्यांत गुंतले आहेत, तर 50 कोटी रिझर्व्ह बँकेकडील खात्यात आहेत. रोख राखीव प्रमाण, म्हणजे बोलीभाषेतला सीआरआर, 3 टक्के धरला, तर या 50 कोटींपैकी 30 कोटी हलवता येत नाहीत. मोकळे उरतात 20 कोटी.

ग्राहकांनी 60 कोटींच्या ठेवी ई-रुपयात नेल्या असे धरू. ठेवी 940 कोटींवर आल्याने सीआरआरची गरज 28.2 कोटींवर येते. खात्यातल्या 50 कोटींतून 60 कोटी द्यायचे आणि शिवाय 28.2 कोटी शिल्लक ठेवायचे, म्हणजे 38.2 कोटी कमी पडतात.

एरवी अशी बँक ज्यांच्याकडे जास्तीची रक्कम आहे अशा बँकांकडून एका रात्रीसाठी उसने घेते. पण ठेवी दुसऱ्या बँकेत गेलेल्या नसून सर्वच बँकांतून ई-रुपयाकडे वाहत असतील, तर जास्तीची रक्कम कोणाकडेच उरत नाही. मग ही तूट रिझर्व्ह बँकच भरून काढू शकते. कायद्याने ठेवींच्या 18 टक्के रक्कम सरकारी रोख्यांसारख्या तरल मालमत्तेत ठेवावी लागते. 940 कोटींवर ती 169.2 कोटी होते, म्हणजे 250 कोटींपैकी सुमारे 80 कोटींचे रोखे तारण ठेवायला मोकळे आहेत. त्यांच्या आधारे रेपो व्यवहारात 38.2 कोटी घेतले की हिशेब जुळतो. देण्याच्या बाजूला 940 कोटींच्या ठेवी, रिझर्व्ह बँकेचे 38.2 कोटी आणि भांडवल 80 कोटी. येण्याच्या बाजूला रोख राखीव 28.2 कोटी, रोखे 250 कोटी आणि कर्जे 780 कोटी. दोन्ही बाजू 1,058.2 कोटी.

यात कर्जांचा आकडा जागचा हललेला नाही. ठेव गेली म्हणजे तेवढे कर्ज बुडीत जमा झाले किंवा परत मागवावे लागले, असे होत नाही. बदलते ती बँकेच्या पैशाची किंमत. बचत ठेवीवर ती 2.5 टक्के व्याज देत होती आणि रेपो दर 5.5 टक्के आहे असे धरले, तर 38.2 कोटींवर वर्षाला सुमारे 1 कोटी 15 लाख रुपये जादा जातात. ही तोशीस कर्जदारावर टाकायची, नफ्यातून सोसायची की ठेवींचे दर वाढवून ग्राहक परत आणायचे, हे बँकेला ठरवावे लागते. रेपोला मर्यादाही आहे. मोकळे रोखे संपले की उसनवारी अवघड होते आणि मग नवे कर्ज देतानाच हात आखडावा लागतो. रोखे थोडे आणि बचत ठेवींवर भिस्त मोठी, अशा लहान बँकेला हा ताण आधी जाणवतो.

कर्जातून पैसा कसा जन्मतो

बँक आधी ठेवी गोळा करते आणि मग त्या कर्जाऊ देते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात क्रम बहुधा उलटा असतो. 10 लाखांचे कर्ज मंजूर झाले की बँक एका बाजूला कर्जाची आणि दुसऱ्या बाजूला कर्जदाराच्या खात्यात 10 लाखांची नोंद करते. त्या क्षणी 10 लाखांची नवी ठेव, म्हणजे नवा पैसा, तयार होतो. बँक ऑफ इंग्लंडने 2014 मध्ये आपल्या त्रैमासिकात हीच प्रक्रिया सविस्तर मांडली होती.

या नव्या ठेवीसाठी 3 टक्क्यांच्या दराने फक्त 30,000 रुपये राखीव लागतात. कर्जदाराने ते 10 लाख दुसऱ्या बँकेतल्या विक्रेत्याला दिले, तर पहिल्या बँकेची राखीव रक्कम तिकडे जाते. पण दिवसभरात तिकडूनही रकमा येत असतात आणि शेवटी फरकापुरतीच देवघेव होते. सर्व बँकांचा एकत्र विचार केला तर राखीव रक्कम आतल्या आतच फिरते.

विक्रेत्याने ते 10 लाख ई-रुपयात नेले, तर मात्र पूर्ण 10 लाखांची राखीव रक्कम बँकांच्या वर्तुळातून निघून जाते. 30,000 रुपयांच्या आधारावर उभे राहणारे कर्ज आता 10 लाख मागते. गळती जितकी मोठी, तितका प्रत्येक नव्या कर्जाला केंद्रीय बँकेच्या पैशाचा टेकू जास्त लागतो.

येथे एक बारकावा आहे. ठेवीचा ई-रुपया झाला म्हणून लोकांकडचा एकूण पैसा घटत नाही. ठेवी कमी होतात आणि लोकांकडील चलन तेवढेच वाढते. वरच्या उदाहरणात केंद्रीय बँकेने निर्माण केलेला पैसा तर 38.2 कोटींनी वाढला. बदल होतो तो पैशाच्या रचनेत. ठेवीदारांकडून येणारा निधी कमी होऊन रिझर्व्ह बँकेकडून येणारा वाढतो. हे मोठ्या प्रमाणावर झाले, तर कोणते तारण स्वीकारायचे आणि कोणत्या बँकेला किती द्यायचे याचे निर्णय, म्हणजे पर्यायाने कर्जवाटपावरचा प्रभाव, केंद्रीय बँकेकडे सरकतो.

घबराटीचा दिवस

संथ गळती बँक सांभाळू शकते. एकाच दिवशी झालेली गळती सांभाळणे कठीण. 9 मार्च 2023 रोजी अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढले गेले. रांग लागली नाही, मोबाइल आणि संगणकच पुरेसे झाले. तो पैसा मुख्यतः इतर बँकांत गेला. घबराट सगळ्याच बँकांबद्दल असेल तेव्हा ठेवीदाराला आज रोकड घ्यावी लागते. ई-रुपया असेल, तर मध्यरात्रीही संपूर्ण बँकव्यवस्थेबाहेरचा सुरक्षित आसरा हाताशी असतो.

महाराष्ट्रात याची दुसरी बाजूही अनुभवाची आहे. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. त्या वेळी ठेवविम्याची मर्यादा 1 लाख होती. फेब्रुवारी 2020 मध्ये ती 5 लाख झाली. ई-रुपया हे बँकेचे देणेच नसल्याने बँक अडचणीत आल्याने त्याचे मूल्य बुडत नाही. ठेवीदाराला सुरक्षित वाटणारा हाच गुण डळमळीत बँकेसाठी घातक ठरतो.

लगाम

म्हणूनच ई-रुपयाच्या आखणीत ठेवींची काळजी आधीच घेतलेली दिसते. व्याज नसल्याने मोठी शिल्लक वॉलेटमध्ये ठेवण्यात तोटा आहे. दुसरा लगाम कमाल मर्यादेचा. डिजिटल युरोच्या चर्चेत प्रतिव्यक्ती 3,000 युरोचा आकडा पुढे आला, तर बँक ऑफ इंग्लंडने फेब्रुवारी 2023 मध्ये 10,000 ते 20,000 पौंडांची मर्यादा सुचवली. मर्यादा जितकी खाली, तितक्या ठेवी सुरक्षित. पण पगार किंवा व्यापारातली मोठी रक्कम ठेवण्यासाठी असे वॉलेट तितकेच अपुरे.

व्याज देणाऱ्या डिजिटल चलनाबाबत अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत. डेव्हिड आंडोल्फाटो यांनी मांडलेल्या प्रतिमानात बँकांची ठेवींवरची पकड मजबूत असेल, तर अशा चलनाच्या स्पर्धेमुळे बँका ठेवींचे दर वाढवतात. ठेवी टिकतात, नफा कमी होतो आणि कर्जे घटतातच असे नाही. मात्र स्पर्धा आधीच तीव्र असेल, तर वाढीव दराचा भार कर्जांवर पडण्याची शक्यता अधिक.

मार्च 2025 अखेर चलनातील ई-रुपया सुमारे 1,016 कोटींचा होता. त्याच वेळी कागदी नोटा जवळपास 37 लाख कोटींच्या आणि बँक ठेवी 200 लाख कोटींहून अधिक होत्या. एवढ्या लहान प्रमाणात ठेवींवर परिणाम जाणवत नाही. तो जाणवू लागला, तर त्याची खूण आधी बचत आणि चालू खात्यांच्या ठेवींतील वाटा घटण्यात, मग बँकांची रिझर्व्ह बँकेकडील उसनवारी वाढण्यात आणि शेवटी कर्जांच्या दरात दिसेल.