बसही दिसावी, हेल्मेटही दिसावं

चौकातल्या कॅमेऱ्याचा एक फोटो समोर धरू. आकार १०२४ बाय १०२४ पिक्सेल. पुढ्यात बस उभी आहे, सुमारे ५०० पिक्सेल रुंद. मागे लांबवर एक दुचाकीस्वार आहे आणि त्याचं हेल्मेट जेमतेम २० पिक्सेलचं. दोन्ही वस्तू एकदमच ओळखायच्या म्हटलं की संगणकाची पंचाईत होते.

संगणक फोटो थराथराने पाहतो आणि वर चढताना चित्र निम्मं-निम्मं लहान करत जातो. रेसनेट या प्रचलित रचनेत खालच्या थरातलं एक घर ४ पिक्सेलचं असतं. पुढे ८, १६ आणि शेवटी ३२. खालच्या थराला कडा आणि रंग कळतात. ‘हे चाक, हे डोकं’ अशी समज वर गेल्यावरच येते. पण तिथे आपलं हेल्मेट एका घरातही पुरतं भरत नाही. खाली ते पाच घरं व्यापतं खरं, पण ते हेल्मेट आहे की एखादा गोल दगड, हे त्या थराला सांगता येत नाही.

फोटो वेगवेगळ्या आकारांत करून दर वेळी पहिल्यापासून तपासणं हा जुना उपाय; त्यात वेळ आणि मेमरी दोन्ही भरमसाट लागतात. त्सुंग-यी लिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेलं फीचर पिरॅमिड नेटवर्क चढून गेल्यावर पुन्हा खाली उतरतं. सर्वांत वरच्या ३२ बाय ३२ घरांच्या जाळीतलं प्रत्येक घर चार घरांत पसरवलं की ६४ बाय ६४ ची जाळी होते. चढताना याच मापाचा जो थर लागला होता, तो आडव्या जोडणीने आणून तिच्यात मिळवतात. बेरीज जमावी म्हणून दोन्हीकडे प्रत्येक घराला २५६ आकडेच ठेवतात. असं करत २५६ बाय २५६ पर्यंत उतरतात.

समज वरून येते, नेमकी जागा आडव्या जोडणीतून. ती जोडणी तोडून पाहिली तेव्हा निकाल बराच घसरला, कारण लहान होऊन पुन्हा मोठ्या झालेल्या चित्रात वस्तूची जागा हलते. आता कामाची वाटणी करता येते: ३२ पिक्सेलच्या आसपासच्या वस्तू सर्वांत खालचा थर शोधतो, आणि वरच्या प्रत्येक थराकडे दुप्पट मापाच्या वस्तू जातात. हेल्मेट खाली सापडतं, बस वर.

मात्र फोटोतच नसलेला तपशील हे जाळं आणू शकत नाही. ४००० पिक्सेल रुंदीचा ड्रोनचा फोटो १००० चा करून दिला, तर २० पिक्सेलची वस्तू ५ पिक्सेलची होते, म्हणजे खालच्या थरातही जेमतेम एक घर. अशा वेळी फोटोचे थोडे एकमेकांवर येणारे तुकडे करून तपासावेत. ही चूक एकूण सरासरी गुणांत लपते, कारण मोठ्या वस्तू ते गुण सावरून धरतात. लहान, मध्यम आणि मोठ्या वस्तूंचे गुण वेगवेगळे मांडले की हुकलेलं हेल्मेट लगेच नजरेस येतं.