मांजरा धरणाचा काठ: दोन तारखांची प्रतिमा आणि एक तक्ता

आज आपण भू-वापरातला बदल मोजायची एकच पद्धत बघणार आहोत. दोन तारखांच्या उपग्रह प्रतिमांचं आधी स्वतंत्र वर्गीकरण करायचं आणि मग ते दोन नकाशे एकमेकांवर ठेवून ताडून बघायचे. उदाहरणाला बीड जिल्ह्यातलं केज तालुक्यातलं धनेगाव घेऊ, म्हणजे मांजरा धरणाचा काठ.

२०१५ साली इथे दुष्काळ होता. धरण आटलं आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर मात्र धरणात भरपूर पाणी आलं. तेव्हा आपल्या दोन तारखा धरू नोव्हेंबर २०१५ आणि नोव्हेंबर २०१६. उपग्रह लँडसॅट-८. त्याचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा ३० मीटर बाय ३० मीटरचा चौकोन, अर्थात ०.०९ हेक्टर.

काठाचा १०,००० पिक्सेलचा, म्हणजे ९०० हेक्टरचा तुकडा घेऊ आणि तीन वर्ग ठेवू: पाणी, पीक, मोकळी जमीन. आकडे हिशेब समजावा म्हणून मी बसवलेले आहेत, प्रत्यक्ष मोजणीचे नाहीत. आडव्या ओळीत २०१५, उभ्या रकान्यात २०१६.

| | पाणी | पीक | मोकळी | एकूण २०१५ |
|---|---|---|---|---|
| पाणी | ४८० | ० | २० | ५०० |
| पीक | ३०० | २,६०० | ६०० | ३,५०० |
| मोकळी | १,५०० | १,३०० | ३,२०० | ६,००० |
| एकूण २०१६ | २,२८० | ३,९०० | ३,८२० | १०,००० |

आता बघा, फक्त बेरजा वाचल्या तर पीक ३,५०० वरून ३,९०० वर गेलं. वाढ ४०० पिक्सेल, ३६ हेक्टर. पण आतले रकाने वेगळंच सांगतात. ९०० पिक्सेलांवरचं पीक गेलं, म्हणजे ८१ हेक्टर, आणि १,३०० पिक्सेलांवर नवं आलं, म्हणजे ११७ हेक्टर. ३६ ही नुसती वजाबाकी झाली. जमिनीवरची उलथापालथ तिच्यात दिसतच नाही. म्हणून अहवालात निव्वळ बदलाबरोबर हा पूर्ण तक्ता द्यायचा असतो.

पिकाचं पाणी झालं ते ३०० पिक्सेल बघा. ‘२७ हेक्टर शेती बुडाली’ असं लिहायचा मोह होईल. पण धरणाच्या काठचा शेतकरी तुम्हाला लगेच सांगेल, ती गाळपेर आहे. पाणी ओसरलं की गाळावर पेरायचं, धरण भरलं की ती जमीन पुन्हा पाण्याखाली जाते. हा पावसाचा चढउतार आहे, भू-वापर कायमचा बदललेला नाही. कायमचा बदल म्हणायचा तर सारख्याच पावसाची दोन वर्षं निवडावी लागतील.

पीक ते मोकळी, हे ६०० पिक्सेलही तपासायला हवेत. नोव्हेंबरात सोयाबीन निघालेलं असतं आणि रब्बी ज्वारी नुकती उगवलेली असते. काळ्या मातीवर एवढासा कोंब ३० मीटरच्या पिक्सेलला मोकळी जमीनच दिसतो. पेरणी वर्षागणिक पुढेमागे होते, त्यामुळे महिना तोच असला तरी पिकाची अवस्था तीच असेल असं नाही. ज्वारी मोजायची असेल तर जानेवारीची प्रतिमा बरी.

आणि ते २० पिक्सेल? दुष्काळात पाणी होतं, धरण भरल्यावर तिथेच मोकळी जमीन! हे घडणं जवळजवळ अशक्य. असे पिक्सेल बहुधा काठावर सापडतात. एकतर त्या चौकोनात अर्धं पाणी, अर्धी माती असते, नाहीतर दोन प्रतिमा एकमेकींवर नीट बसलेल्या नसतात. चुका शोधायची सुरुवात अशा अशक्य रकान्यांपासून करावी.

आता मुख्य मुद्दा. दोन्ही नकाशे ८५ टक्के अचूक आहेत असं समजू. एका नकाशातल्या चुकांचा दुसऱ्यातल्या चुकांशी संबंध नसेल, तर एखादा पिक्सेल दोन्हीकडे बरोबर असण्याची शक्यता ०.८५ × ०.८५, म्हणजे सुमारे ७२ टक्के. उरलेल्या २८ टक्क्यांत निदान एक नकाशा चुकलेला असतो. आपल्या तक्त्यात ‘बदललेले’ पिक्सेल किती? ३,७२०, म्हणजे ३७ टक्के. म्हणजे दिसणाऱ्या बदलाचा मोठा वाटा नुसत्या वर्गीकरणाच्या चुकांचा असू शकतो.

म्हणून तपासणी बदलाच्या नकाशाचीही करायची. प्रत्येक रकान्यातून यादृच्छिक बिंदू निवडा आणि दोन्ही तारखांना तिथे काय होतं ते जास्त स्पष्ट प्रतिमांवर किंवा गावात विचारून ठरवा. समजा ‘पीक ते मोकळी’च्या ५० बिंदूंपैकी ३० खरे निघाले. मग ६०० पैकी सुमारे ३६०च खरे धरायचे: ५४ नव्हे, ३२ हेक्टर. इतर रकान्यांत चुकून गेलेला हाच बदल त्यात मिळवला की दुरुस्त क्षेत्रफळ मिळतं. नमुना लहान आहे, म्हणून शेजारी अनिश्चिततेची मर्यादाही लिहायची. एवढं केल्यावरच हेक्टरचा आकडा कुणाच्या हाती द्यावा.