बॉनेटखालच्या पांढऱ्या टाक्या

मे महिन्यात कोल्हापूरहून भाचीचा फोटो आला. गाडीचं बॉनेट उघडून समोरून काढलेला, आणि खाली एक ओळ: "मामा, परवा आंबा घाटातून गणपतीपुळ्याला जातोय. यातल्या कुठल्या टाकीत पाणी घालू?" गाडी पेट्रोलवरची, छोटी, सात वर्षं वापरलेली. माहितीपुस्तिका आधीच्या मालकाकडेच राहिलेली. फोटोत दोन पांढुरक्या प्लास्टिकच्या टाक्या दिसत होत्या आणि तिसरी, लहानशी, मागे अर्धी झाकलेली होती. तिन्हींत वेगवेगळे द्रव असतात. पहिल्यात चूक झाली तर फार तर समोरची काच चिकट होते, दुसरीत झाली तर इंजिन तापतं, आणि तिसरीत झाली तर ब्रेक लागत नाहीत. म्हणून मी तिला आधी कशालाही हात लावू नकोस असं कळवलं आणि फोटो मोठा करून बघायला बसलो.

असा फोटो वाचताना पहिली गल्लत डाव्या-उजव्याची होते. आपण गाडीकडे तोंड करून उभे असतो, त्यामुळे चालकाची उजवी बाजू फोटोत डावीकडे येते. मेकॅनिक मात्र डावं-उजवं नेहमी सीटवर बसल्याप्रमाणे बोलतो. हे एकदा ध्यानात ठेवलं की तिसरी, लहान टाकी ओळखता येते. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे ब्रेक ऑईलची टाकी बहुतेक गाड्यांत चालकाच्या पायांसमोर, इंजिनाच्या मागच्या पत्र्यालगत असते. तिच्यामागे ताटाएवढा काळा गोल डबा दिसतो, तो ब्रेकचा बूस्टर. टोपणावर 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' असं कोरलेलं असतं. या टाकीत पाणी किंवा इंजिन ऑईल कधीही जाता कामा नये. पाण्यामुळे ब्रेक ऑईल कमी तापमानाला उकळतं आणि घाट उतरताना पेडल एकदम मऊ पडतं. इंजिन ऑईलने आतली रबरं फुगतात. पातळी थोडी उतरलेली असेल तर ब्रेक पॅड झिजल्याचंही ते लक्षण असतं, त्यामुळे टोपण उघडण्याआधी पॅड बघावेत.

उरल्या दोन टाक्या, एक काचेवर फवारायच्या पाण्याची आणि दुसरी कूलंटची. जागा प्रत्येक गाडीत बदलते आणि रंगावर विसंबता येत नाही. काचेच्या टाकीचं टोपण बहुतेक वेळा निळं असतं आणि त्यावर काच व कारंज्याचं चित्र असतं. कूलंटच्या टोपणावर तापमापकाचं किंवा गरम वाफेच्या इशाऱ्याचं चित्र असतं. भाचीच्या फोटोत दोन्ही टोपणांवर धूळ होती. अशा वेळी नळी कुठे जाते ते बघायचं. टाकीपासून निघालेली नळी रेडिएटरच्या तोंडाशी पोहोचली तर ती कूलंटची. दुसऱ्या टाकीचं बरंचसं अंग बंपरमागे दडलेलं असतं, वर फक्त गळा दिसतो.

कूलंटची टाकी तर सापडली. टाकीच्या अंगावर 'फुल' आणि 'लो' अशा दोन रेघा होत्या आणि फोटोत द्रव बरोबर 'फुल'पाशी दिसत होता. मी "भरलेली आहे, जा बिनघोर" असं लिहिणार होतो. पण ती रेघ मला जरा जास्तच ठसठशीत वाटली. जुन्या टाकीत कूलंट जिथे वर्षानुवर्षं टेकलेलं असतं तिथे तपकिरी डाग बसतो, आणि फोटोत तो डाग व द्रवाची खरी पातळी अगदी सारखे दिसतात. तिला म्हटलं, "गाडी थंड असताना टाकीमागे टॉर्च धर आणि कुणाला तरी गाडी हलकेच हलवायला सांग. जी रेघ हलेल तीच पातळी." पाच मिनिटांत उत्तर आलं, "मामा, वरची रेघ हलतच नाही. पाणी 'लो'च्याही दोन बोटं खाली आहे."

तिच्या गाडीत रेडिएटरला स्वतःचं धातूचं झाकण होतं. अशा रचनेत इंजिन तापलं की फुगलेलं कूलंट नळीतून टाकीत येतं आणि थंड झाल्यावर रेडिएटर ते परत ओढून घेतो. टाकी रिकामी झाली तर तो हवा ओढतो. काही गाड्यांत रेडिएटरला झाकण नसतं आणि टाकीतच दाब असतो. दोन्हींत नियम एकच, गरम असताना झाकण उघडायचं नाही. आतलं कूलंट दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, पण झाकण सैल होताच दाब जातो, त्याची वाफ होते आणि ते थेट तोंडावर येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने थंड रेडिएटर उघडला, तो गळ्यापर्यंत भरलेला होता. मग टाकीत साधारण तीनशे मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घातलं. आत कोणतं कूलंट आहे ते माहीत नसताना दुसऱ्या जातीचं मिसळलं तर गाळ धरू शकतो. एवढ्या थोड्या भरणीला शुद्ध पाणी चालतं, नळाचं मात्र नको, त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. घातल्यावर बाहेरून पेनाने रेघ मारायला सांगितली.

त्याच फोटोत इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक पिवळी कडी दिसत होती. ती डिपस्टिक, ऑईल मोजायची पट्टी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाचेक मिनिटं थांबून पट्टी ओढायची, चिंधीने पुसायची, पूर्ण आत घालून पुन्हा काढायची आणि मग बघायचं. पहिल्यांदा निघालेली पट्टी खरं सांगत नाही, कारण नळीतलं ऑईल तिला माखलेलं असतं. ऑईल दोन खुणांच्या मधोमध होतं, चालण्याजोगं. ऑईल घालायचं तोंड वेगळं असतं, इंजिनाच्या माथ्यावर, टोपणावर तेलाच्या झारीचं चित्र असलेलं. पट्टीवरचं ऑईल दुधाळ कॉफीसारखं दिसलं असतं तर मी तिला निघूच दिलं नसतं. त्याचा अर्थ कूलंट ऑईलमध्ये मिसळतंय.

फोटोच्या उजव्या कडेला दोन काळे चौकोनी डबे शेजारी शेजारी होते. ज्याच्या माथ्यावर दोन जाड केबल येतात ती बॅटरी, दुसरा फ्यूजचा डबा. लाल झाकणाखालचं टोक धन, दुसरं ऋण. टोकावर पांढरी-हिरवट भुकटी दिसली तेवढी नोंदली, पण बॅटरीत जीव किती आहे हे फोटो सांगत नाही. ते मीटरने मोजावं लागतं: रात्रभर उभ्या गाडीत भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते.

कूलंट गेलं कुठे, हा प्रश्न राहिलाच होता. मी रेडिएटरच्या दोन्ही मोठ्या होज पाइपांच्या टोकांचे जवळून फोटो मागवले. खालच्या टोकाशी क्लिपखाली वाळलेला हिरवट-पांढरा ओघळ होता. मिस्त्रीने क्लिप बदलली, इंजिन पुरतं तापेपर्यंत चालवून सांधा कोरडा राहतो ते बघितलं आणि मगच गाडी दिली. गणपतीपुळ्याहून परतल्यावर तिने थंड गाडीचा फोटो पाठवला, टाकीमागे टॉर्च धरून. पातळी पेनाच्या रेघेवरच होती.