तर्रीचा लाल, भिंतीचा निळा

मिसळीच्या व्हिडिओचं थंबनेल एआयकडून करून घेताना ‘चविष्ट मिसळ, आकर्षक चित्र’ एवढ्यावर भागत नाही. मी असं लिहिते: ‘१६:९ आडवं चित्र. उजवीकडे चाळिशीची बाई, छातीपर्यंत. पहिल्याच घासाला ठसका लागून डोळे विस्फारलेले. हनुवटीपाशी धरलेल्या वाटीत लालभडक तर्री. मागे गडद निळी, सपाट भिंत. डावा अर्धा भाग रिकामा. चित्रात अक्षरं नकोत.’

शेवटचं वाक्य विसरू नका, कारण ही साधनं जोडाक्षरं बऱ्याचदा मोडतात. ‘झणझणीत’ नंतर स्वतः टाका. वाटी वर धरायला सांगितली, कारण उजव्या खालच्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवतं. मग चित्र मोबाइलवर नखाएवढं करून बघा. तर्री ओळखू येत नसेल, तर वाटी मोठी करून घ्या.