ताई, तुमचं नाव काय जी?

पलीकडचा आवाज : लेखांक ७

गेल्या खेपेला मुक्या कॉलबद्दल लिहिलं होतं. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून मुलांसाठी १०९८ ही सेवा सुरू झाली, आणि फोन लावून काहीच न बोलणारी मुलं तिथल्या कार्यकर्त्यांच्या रोजच्या ओळखीची झाली. आज त्याच्या पुढचा प्रकार बघू. इथे माणूस बोलतो, चांगलं मोकळेपणानं बोलतो, पण स्वतःबद्दल एक अक्षर काढत नाही. सगळी चौकशी फोन उचलणाऱ्याची. नाव काय, गाव कोणतं, लग्न झालं का, रात्रभर बसता का, जेवण झालं का.

या कामात नव्याने आलेल्यांना ही पाच मिनिटं फुकट गेल्यासारखी वाटतात. कधी एकदा मुद्द्यावर येतात, असं होतं त्यांना. माझं म्हणणं उलट आहे. फोन करणारा आधी आपली मुलाखत घेत असतो, आणि त्या मुलाखतीतल्या प्रश्नांतच त्याच्या अडचणीचा कच्चा आराखडा असतो. तो वाचता आला पाहिजे.

या मुलाखतीला जागा नेमकी का लागते, ते खापरखेड्यावरून चांगलं कळतं. सावनेर तालुक्यातलं हे गाव औष्णिक वीज केंद्रावर उभं आहे. शेजारी कोराडीचं केंद्र, भोवती वेकोलिच्या कोळसा खाणी. कायम कामगार, कंत्राटी कामगार, ठेकेदार, सुपरवायझर, कॉलनीतले साहेब, भाड्याच्या खोल्यांतली कुटुंबं, ही सगळी माणसं एकाच बाजारात भाजी घेतात. घरातली गोष्ट बाहेर पडली तर ती गेटपर्यंत जाते, आणि गेटपास कोणाच्या हातात असतो हे प्रत्येकाला माहीत असतं. अशा गावातून एखाद्या बाईनं रात्री १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फिरवला, तर पलीकडचा आवाज शंभर कोसांवरचा आहे की गल्लीतल्या कोणाच्या वहिनीचा, याची खात्री केल्याशिवाय ती बाई तोंड उघडणार कशी? ‘कोन्या गावच्या जी तुम्ही?’ या प्रश्नाचा अर्थ तिच्यापुरता सरळ आहे: तुम्ही माझ्या माणसांना ओळखता का?

आता एक फोन नीट बघू. हा कोणाचा खरा फोन नाही. प्रशिक्षणात आम्ही जसा नमुना रचून घेतो, तसा रचलेला आहे. रात्रीचे साडेअकरा झालेत. बाईचा आवाज तिशीतला.

‘ताई, तुमचं नाव काय जी?’

‘माझं नाव मीना.’

‘मीना काय?’

इथे पहिली अडचण येते. आपल्याकडे आडनाव विचारलं की जात विचारली गेलीच, आणि दोघींनाही ते माहीत असतं. आडनाव सांगितलं तर ती एक तर सैलावेल, नाहीतर आवळून घेईल. दोन्ही गोष्टी आपल्या हातात नाहीत. नुसतं ‘ते सांगता येत नाही’ म्हटलं, तर सरकारी खिडकी बंद झाल्याचा आवाज होतो. म्हणून आधी रीत सांगायची, आणि ती दोघींना लागू करायची: ‘इथे आम्ही सगळे नुसत्या पहिल्या नावानं बोलतो. तुम्हीही तेवढंच सांगा, किंवा वाटलं तर दुसरं कोणतंही सांगा. मी त्या नावानं हाक मारीन.’ यात तिला नकार मिळालेला नाही. उलट आपणही झाकलेल्या राहू शकतो, हे तिला न मागता कळलं.

काही ठिकाणी कार्यकर्ते कामापुरतं वेगळं नाव घेतात. त्यात गैर काही नाही, फक्त ते नाव कायम एकच हवं. ‘हे खरं नाव आहे का?’ असं कोणी विचारलंच, तर ‘हे माझं कामावरचं नाव’ असं सांगून टाकावं. खोटं इथे टिकत नाही. दोन आठवड्यांनी तीच बाई पुन्हा फोन करते, आणि आपण पहिल्या वेळी काय सांगितलं होतं ते आपल्यापेक्षा तिच्या जास्त लक्षात असतं.

‘कोन्या गावच्या जी तुम्ही?’

‘मी विदर्भातलीच. पण तुमचं गाव कोणतं हे मला ठाऊक नाही, आणि ते मला सांगायलाच हवं असंही नाही.’

उत्तर एका वाक्यात खरं दिलं, आणि त्या प्रश्नामागची भीतीही त्याच श्वासात मिटवली. ‘का विचारता?’ असा उलट प्रश्न इथे कधीही करू नये. पुस्तकात तो निरागस दिसतो, पण रात्री साडेअकराला, दबक्या आवाजात बोलणाऱ्या बाईला तो दरडावणीसारखा लागतो. ‘आपण माझ्याबद्दल नको, तुमच्याबद्दल बोलू’ हे वाक्यही तसंच. विनयाचं आहे, पण दार लावणारं आहे.

‘रातभर बसता तुम्ही? घरचे काही म्हणत नाही काय?’

‘आज माझी रात्रपाळी आहे. घरी सवय झाली आहे आता.’

एवढंच बोलून थांबायचं. नवशिके घसरतात ते इथे. त्यांना वाटतं, थोडं आपलं सांगितलं की तिलाही सांगावंसं वाटेल. मग सासू, मुलाची शाळा, पहिल्यांदा रात्रपाळी लागली तेव्हाची धुसफूस, सगळं निघतं. त्या बिचारीला मग आपल्यालाच धीर द्यावा लागतो! उत्तर एका वाक्याचं असावं, फार तर दोन. त्यानंतरची शांतता तिची.

आता तिचे प्रश्न ओळीनं ठेवून बघा. नाव आणि गाव हे कोणीही विचारतं. तिसरा प्रश्न मात्र रात्रपाळीचा आहे, आणि त्याला घरच्यांचं शेपूट आहे. साधारण तिसऱ्या-चौथ्या प्रश्नापासून चौकशीचा रंग बदलतो, असा माझा अनुभव आहे. ज्या घरात दारूचा त्रास आहे, तिथली बाई ‘तुमच्या घरी कोणी घेते काय?’ असं विचारते. परीक्षेत नापास झालेला पोरगा ‘तुम्हाला दहावीला किती होते?’ म्हणून विचारतो. दर वेळी असंच होतं असं नाही, आणि एका प्रश्नावरून निदान करून मोकळं होऊ नये. पण तो प्रश्न मनात नोंदवून ठेवावा.

‘आमचे हे बी नाइटले जाते.’ मग थोडं थांबून, ‘जात होते म्हंजे.’

ही खरी वेळ. तिनं पहिल्यांदाच स्वतःच्या घराचं वाक्य उच्चारलं, आणि ते उच्चारताना काळ बदलला. मीनाने इथे नवा प्रश्न शोधू नये. तिचाच शब्द तिला परत द्यावा: ‘जात होते?’

मग येतं ते सगळं. ठेका बदलला, नव्या ठेकेदाराच्या यादीत नाव आलं नाही. महिना झाला, घरमालकाला अजून सांगितलेलं नाही. माणूस रोज रात्री डबा घेऊन निघतो आणि नदीकडे जाऊन बसतो. परवा म्हणाला, ‘मी नसलो तर तुमचं निभून जाईल.’

नाव विचारण्यापासून इथपर्यंत पाच-सहा मिनिटं गेली असतील. पहिल्याच मिनिटाला ‘तुमची समस्या काय आहे?’ विचारलं असतं, तर ती बहुधा ‘झोप येत नाही’ म्हणाली असती, आणि आपण तिला झोपेचे चार उपाय सांगून फोन ठेवला असता.

लंडनमध्ये चॅड व्हारा या पाद्र्याला हे अपघातानेच कळलं. आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी त्यांनी नोव्हेंबर १९५३ मध्ये सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये टेलिफोन सेवा सुरू केली. समुपदेशन ते स्वतः करत. मदतीला आलेले साधे लोक बाहेर थांबलेल्यांना चहा देत, त्यांच्याशी इकडचं तिकडचं बोलत बसत. हळूहळू दिसलं, की बरेच जण त्या चहावाल्यांशी बोलूनच हलके होतात आणि आत न येता निघून जातात. तीन महिन्यांत, फेब्रुवारी १९५४ मध्ये, व्हारांनी ऐकण्याचं काम या स्वयंसेवकांकडे सोपवलं. समॅरिटन्स ही संस्था उभी राहिली ती अशी.

एक प्रश्न मात्र गप्पांच्या ओघात, हसत विचारला गेला तरी हलक्यात घ्यायचा नाही: ‘कोणाले सांगणार नाही ना?’ जिव्हाळ्याच्या भरात ‘कुणालाच नाही’ म्हणून टाकणारे पुढे अडकतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो, पण जिवाला धोका असेल तिथे त्याला अपवाद ठेवतो. आणि बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती झाली, तर पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमाखाली ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे आपली मर्जी चालत नाही. तेव्हा उत्तर असं द्यावं: ‘तुमची गोष्ट माझ्या घरी किंवा तुमच्या गावात जाणार नाही. फक्त कोणाच्या जिवावर बेतत असेल, किंवा लहान लेकराला कोणी त्रास देत असेल, तर मला मदत बोलवावी लागेल. ते मी तुम्हाला सांगूनच करीन.’ हे ऐकून कोणी फोन ठेवतंही. त्याला इलाज नाही. खोट्या वचनावर काढून घेतलेली गोष्ट त्याहून महाग पडते.

आता त्रास देणाऱ्यांचं. ‘लग्न झालं का?’ हा प्रश्न बायकांना टवाळ पुरुषही विचारतात, आणि दोघांचा पहिला प्रश्न अगदी सारखा असतो. फरक दुसऱ्या-तिसऱ्या उत्तरानंतर दिसतो. खरी गरज असलेला माणूस उत्तर घेऊन स्वतःकडे वळतो, थबकत का होईना. टवाळ आपल्यापाशीच घुटमळतो. आवाज गोड आहे, कपडे कोणते, स्वतःचा नंबर द्या. एकदा स्पष्ट सांगावं: ‘माझ्याबद्दल एवढंच. तुमचं काही असेल तर ऐकते, नाहीतर फोन ठेवते.’ त्यानंतरही तेच चाललं, तर खरोखर ठेवावा, नोंद करावी, आणि सुपरवायझरला सांगावं. लाजेखातर सहन करत बसण्याचं कारण नाही. मात्र पहिल्याच प्रश्नाला टवाळ ठरवू नये. काही पुरुषांना दुःखाचं बोलायला याच वाटेनं यावं लागतं, दुसरी वाट त्यांना कोणी दाखवलेलीच नसते.

आपल्या नमुन्यातल्या मीनाकडे परत जाऊ. ‘मी नसलो तर’ हे तिनं ऐकलं आहे. आता मात्र गप्पांची चाल सोडायची, आणि सरळ शब्दांत विचारायचं: ‘ते जीव देण्याबद्दल बोलत होते, असं वाटतं का तुम्हाला? आत्ता ते कुठे आहेत?’ असं विचारल्यानं कोणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही, ही भीती मनातून काढून टाकावी. तो नदीकडे असेल तर सोबत कोण जाऊ शकतं, घरात उंदराचं किंवा फवारणीचं औषध आहे का, ११२ ला केव्हा कळवायचं, हा क्रम पुढच्या लेखांकात.