पाहुणे तज्ज्ञ, यजमान रुग्णालय

‘हे डॉक्टर आमच्या पगारावर नाहीत, शस्त्रक्रियेपुरते येतात,’ हा बचाव आपल्याकडील अनेक रुग्णालये करीत असतात. सन 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूटविरुद्धच्या प्रकरणात तो मान्य केला नाही.

तेथे रुग्णाच्या मृत्यूनंतर पत्नीने संस्थेवर तक्रार दाखल केली. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पक्षकार केले नाही. एवढ्याच कारणाने राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. डॉक्टर नोकरीत असो वा करारावर येत असो, त्याला नेमते रुग्णालय आणि रुग्ण येतो तो रुग्णालयाकडे. आत कोणी काय केले हे त्याला कसे कळावे? प्राथमिक पुरावा समोर आल्यावर निष्काळजीपणा झाला नाही हे दाखविण्याचा भार रुग्णालयावर येतो, असेही न्यायालयाने म्हटले. प्रकरण मात्र गुणावगुणांवरील निर्णयासाठी आयोगाकडे परत पाठविले, हे विसरू नये.

या विचाराचे मूळ इंग्लंडमधील 1951 च्या कॅसिडी खटल्यात सापडते. दोन ताठर बोटांवर उपचार घ्यायला गेलेला मनुष्य चार ताठर बोटे घेऊन परतला. लॉर्ड डेनिंग यांचे म्हणणे असे, की डॉक्टर रुग्णालयाने निवडला असेल तर रुग्णालय जबाबदार. रुग्णाने स्वतः निवडून स्वतः नेमला असेल तर गोष्ट वेगळी. माझ्या मते खरी कसोटी हीच, पगाराची नव्हे.

आपल्या एखाद्या वीस खाटांच्या शुश्रूषागृहाचे उदाहरण घेऊ. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया होते. सर्जननी बोलावलेले भूलतज्ज्ञ श्वासनलिकेतील नळी काढून दुसऱ्या रुग्णालयात निघून जातात. रुग्णाचा प्राणवायू घसरतो, हे उशिरा लक्षात येते आणि मेंदूला इजा होते. रुग्णाने भूलतज्ज्ञांना पाहिले ते प्रथम टेबलावरच. बिल शुश्रूषागृहाच्या नावाने निघाले. येथे डेनिंग यांचा अपवाद लागू पडणे कठीण. शिवाय प्रश्न केवळ भूलतज्ज्ञांचा राहत नाही. त्यांच्या जाण्यानंतर रुग्णाजवळ कोण होते, पल्स ऑक्सिमीटरची नोंद कोणी केली, परिचारिकेने कोणाला आणि केव्हा कळविले? ही त्रुटी रुग्णालयाची स्वतःचीच ठरू शकते. भूल-नोंदीचा कागद नसेल, तर रुग्णालयाने खुलासा तरी कशाच्या आधारे करावा?

याचा अर्थ प्रत्येक वाईट परिणाम म्हणजे निष्काळजीपणा असा मुळीच नाही. तो सिद्ध व्हावाच लागतो. रुग्णालयाला भरपाई द्यावी लागली, तर ती तज्ज्ञाकडून वसूल करण्याची तरतूद करारात करता येते. परंतु हा दोघांमधील हिशेब झाला. रुग्णापुढे तो ढाल म्हणून चालत नाही. आपल्यापैकी अनेकांचा तज्ज्ञांशी लेखी करारच नसतो, सारे दूरध्वनीवर ठरते!

विमा उतरवतानाही एक गल्लत होते. मालक-डॉक्टरची वैयक्तिक व्यावसायिक पॉलिसी संस्थेवरील दाव्याला पुरेलच असे नाही. संस्थेची पॉलिसी स्वतंत्र घ्यावी, त्यात बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांच्या कामामुळे उद्भवणारे दायित्व समाविष्ट आहे का ते वाचून पाहावे, आणि त्या तज्ज्ञांच्या नोंदणी व पॉलिसीची प्रत दरवर्षी मागून फाइलला लावावी.