पत्ता टाकल्यावर नंबर कोण शोधतं?

मोबाइल येण्याआधी घरात फोनशेजारी टेलिफोन डिरेक्टरी असायची. माणसाचं नाव माहीत असे, नंबर नसे. मग आडनावावरून पान काढायचं, ओळींवरून बोट फिरवायचं आणि नंबर सापडला की डायल करायचा. डिरेक्टरी हाताशी नसली तर १९७ ला फोन लावून विचारायचं. इंटरनेटवर आजही हेच चालतं. तुम्ही ब्राउझरच्या पट्टीत `mr.wikipedia.org` लिहून एंटर दाबता, तेव्हा मराठी विकिपीडियाचं पान आणायला निघण्याआधी ब्राउझरला त्या नावाचा नंबर लागतो, कारण नेटवर्कवरची यंत्रं एकमेकांना नंबरानेच ओळखतात. या नंबराला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात, आणि नावावरून तो शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस.

एके काळी ही खरोखरच एकच डिरेक्टरी होती. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर `HOSTS.TXT` नावाची एक फाइल असे. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळत. नवं यंत्र जोडायचं तर त्यांना कळवायचं, त्यांनी नोंद करायची आणि बाकी सगळ्यांनी वेळोवेळी ती फाइल उतरवून घ्यायची. यंत्रं शेकड्यांत होती तोवर हे जमलं. ती वाढू लागल्यावर फाइल फुगली, नोंदी मागे पडू लागल्या आणि एकाच नावावर दोघांचा दावा येण्याची भीती उभी राहिली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी यावर जो तोडगा मांडला, तोच आजचा डीएनएस. संपूर्ण डिरेक्टरी कोणाकडेच ठेवायची नाही, प्रत्येकाने फक्त आपल्यापुरती पानं सांभाळायची आणि बाकीच्यांसाठी ‘पुढे कोणाला विचारायचं’ एवढंच सांगायचं, हा त्यातला विचार. माझ्या मते इंटरनेट एवढं पसरूनही कोसळलं नाही, याचं मोठं श्रेय या एका निर्णयाला आहे.

आता आपला पत्ता घेऊ. माणूस तो डावीकडून वाचतो, डीएनएस उजवीकडून. आधी `org`, मग `wikipedia`, शेवटी `mr`. एंटर दाबल्यावर ब्राउझर प्रथम आपल्याच आठवणीत पाहतो, मग संगणकाच्या किंवा फोनच्या. तिथे नंबर नसेल तर प्रश्न रिझॉल्व्हरकडे जातो. हा म्हणजे १९७ वर बसलेला माणूस. बहुतेकांसाठी तो त्यांच्या इंटरनेट कंपनीचा असतो. काही जण गूगलचा `8.8.8.8` किंवा क्लाउडफ्लेअरचा `1.1.1.1` निवडतात. यापुढची पायपीट तोच करतो.

त्याला काहीच माहीत नसेल तर तो रूट सर्व्हरपासून सुरुवात करतो. `a` पासून `m` पर्यंत अशी रूट सर्व्हरची १३ नावं आहेत. मात्र त्यांच्या प्रती जगभर हजाराहून जास्त ठिकाणी चालतात, मुंबईतही. रूट सर्व्हरला विकिपीडियाचा नंबर ठाऊक नसतो. तो म्हणतो, ‘`org` ची पानं अमुक सर्व्हरांकडे आहेत, त्यांना विचार.’ `org` वालेही नंबर देत नाहीत. ते सांगतात, ‘`wikipedia.org` चा कारभार `ns0.wikimedia.org` आणि त्याच्या भावंडांकडे आहे.’ तिसऱ्या दारात मात्र खरं उत्तर मिळतं, कारण तिथे बसलेला सर्व्हर विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचाच आहे. ही सगळी विचारपूस सहसा सेकंदाच्या काही शतांशांत उरकते.

हे उत्तर स्वतः पाहता येतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ही ओळ लिहा:

```
nslookup mr.wikipedia.org
```

भारतातून विचारलं तर साधारणपणे असं काही दिसतं:

```
Name:      dyna.wikimedia.org
Addresses: 2001:df2:e500:ed1a::1
           103.102.166.224
Aliases:   mr.wikipedia.org
```

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. `mr.wikipedia.org` हे टोपणनाव निघालं. नंबर ज्या नावावर लागला आहे, ते `dyna.wikimedia.org`. शिवाय हा नंबर सिंगापूरमधल्या सर्व्हरांचा आहे. हाच प्रश्न युरोपातून विचारला तर विकिमीडियाचा सर्व्हर अ‍ॅमस्टरडॅम किंवा मार्सेयचा नंबर देतो. विचारणारा कुठे आहे याचा अंदाज घेऊन जवळचं ठिकाण सांगितलं जातं. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जाऊन यायला संदेशाला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो, सिंगापूरची फेरी त्याच्या निम्म्याहून कमी वेळात होते. एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात, म्हणून हा फरक जाणवतो. छापील डिरेक्टरीला हे कधीच जमलं नसतं.

नंबर मिळाल्यावरही एक वेगळेपण उरतं. फोन नंबर एका घरचा असे. इथे एकाच नंबरावर शेकडो संकेतस्थळं राहतात. वरच्या `103.102.166.224` वर मराठी, हिंदी, इंग्रजी अशा सगळ्या भाषांचे विकिपीडिया एकत्र आहेत. म्हणून ब्राउझर त्या नंबराला जोडून घेतो आणि पुन्हा सांगतो, ‘मला `mr.wikipedia.org` हवं आहे.’ समोरचा सर्व्हर त्या नावाचं प्रमाणपत्र दाखवतो, ब्राउझर ते तपासतो, दोघांत गुप्त किल्ली ठरते आणि मगच पानाचा मजकूर यायला लागतो. नाव न सांगता नुसता नंबर पट्टीत टाकून पाहा, मराठी विकिपीडिया उघडणार नाही.

पण रोज अब्जावधी लोक पत्ते टाकतात, ते सगळे रूट सर्व्हरच्या दारात का जाऊन उभे राहत नाहीत? कारण प्रत्येक उत्तरासोबत एक मुदत येते. ‘हे इतके सेकंद लक्षात ठेवलंस तरी चालेल’ असा तिचा अर्थ. तांत्रिक भाषेत तिला टीटीएल म्हणतात. `org` कुठे राहतो, या रूट सर्व्हरच्या उत्तराची मुदत दोन दिवसांची असते. तुमच्या शेजाऱ्याने सकाळी कुठलाही `org` चा पत्ता उघडला असेल आणि तुमचा रिझॉल्व्हर एकच असेल, तर तुमच्या वेळी रूटला विचारावंच लागत नाही. `dyna.wikimedia.org` च्या नंबराची मुदत मात्र मिनिटांत असते, कारण सिंगापूरचं केंद्र बंद पडलं तर लोकांना पटकन दुसरीकडे वळवता आलं पाहिजे.

अडचणीही याच मुदतीतून येतात. समजा एका दुकानाचं संकेतस्थळ जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवलं. मालकाने नोंदीत नंबर बदलला. त्याच्या मोबाइलवर नवं पान दिसतं, पण गिऱ्हाइकांचे फोन येतात की जुनेच भाव दिसताहेत. दोघंही खरं सांगत असतात. मोबाइलच्या रिझॉल्व्हरने नुकतंच विचारलं म्हणून त्याला नवा नंबर मिळाला. गिऱ्हाइकांच्या रिझॉल्व्हरकडे जुना नंबर आहे आणि त्याची मुदत एक दिवसाची होती. आता ती संपेपर्यंत मालकाला काही करता येत नाही. जाणकार माणूस म्हणून बदलाच्या दोन दिवस आधी मुदत पाच मिनिटांवर आणतो, जुनी मुदत सरू देतो, मग नंबर बदलतो आणि एखादा दिवस जुना सर्व्हरही चालू ठेवतो. ‘असं नावच नाही’ हे उत्तरही काही काळ लक्षात ठेवलं जातं. नवं नाव नोंदवण्याआधीच उघडून पाहिलं, तर नोंद झाल्यावरही थोडा वेळ ते सापडत नाही.

नाव सापडेनासं झालं तर काय होतं, हे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी सगळ्यांनी पाहिलं. रात्री नऊनंतर भारतात व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकदम थांबलं आणि पहाटेपर्यंत सुरू झालं नाही. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आदेशाने फेसबुकची डेटा सेंटरं एकमेकांपासून तुटली होती. त्यांच्या डीएनएस सर्व्हरांना डेटा सेंटर गाठता येईना, म्हणून त्यांनी ठरलेल्या नियमाप्रमाणे स्वतःकडे येणारे रस्ते जाहीर करणं बंद केलं. नंबर सांगणाराच सापडेना, आणि आधीच्या उत्तरांच्या मुदती छोट्या असल्याने त्याही भराभर संपल्या. आपलंच नेट गेलं असं समजून अनेकांनी त्या रात्री राउटर बंद-चालू केले.

तुमच्याकडे पान उघडत नसेल तर दोष कुठे आहे हे बऱ्यापैकी ओळखता येतं. एकच पत्ता अडला आणि पडद्यावर `DNS_PROBE_FINISHED_NXDOMAIN` आलं, तर असं नावच नसल्याचं उत्तर मिळालं आहे. आधी स्पेलिंग तपासा. सगळेच पत्ते अडले तर कमांड प्रॉम्प्टमध्ये `ping 8.8.8.8` देऊन पाहा. तिकडून उत्तर आलं तर तुमचं नेट चालू आहे, रिझॉल्व्हर बिघडला आहे. राउटरच्या किंवा फोनच्या सेटिंगमध्ये दुसरा रिझॉल्व्हर घातला की काम भागतं.

पत्ता उजवीकडून वाचण्याची डीएनएसची रीत आपणही उचलावी, कारण फसवणूक करणारे आपल्या डावीकडून वाचण्याच्या सवयीवरच विसंबतात. `mr.wikipedia.org.example.com` हा पत्ता विकिपीडियाचा वाटतो, पण तो `example.com` च्या मालकाचा आहे. डावीकडे काय लिहायचं ते सर्वस्वी त्याच्या हातात असतं. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये भारतातल्या बँकांना `.bank.in` ने संपणाऱ्या पत्त्यांवर जायला सांगितलं, ते यामुळेच. ही नावं हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फतच आणि फक्त बँकांनाच मिळतात. तेव्हा बँकेच्या नावाने लिंक आली तर `https://` नंतरची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिच्या लगेच डावीकडे `.bank.in` आहे का ते पाहा. नसेल, तर तिथे पासवर्ड टाकू नका.